चष्मा, मुंडावळ्या आणि आईचा तळवा

आई-बाबांच्या लग्नाचा एकच धड फोटो आमच्या घरात आहे. 1975 च्या मे महिन्यातला, सांगलीच्या एका स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा, हाफ प्लेट. बाबा डावीकडे, गडद कोटात, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावून. आई उजवीकडे, अंगावर शालू, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर. दोघांच्याही कपाळाला मुंडावळ्या. दोन डोक्यांच्या मध्ये तिसरा चेहरा सहज मावेल एवढी जागा, आणि दोघंही कॅमेऱ्याकडे असे बघतायत की जणू परीक्षेचा निकाल लागायचाय. मागे स्टुडिओचा पडदा.

मी गेली सोळा वर्षं लग्नघरी जाऊन मेंदी काढते. अलीकडे दर दोन-तीन लग्नांमागे एक नवरी मोबाइल पुढे करते आणि म्हणते, "ताई, आमचा हा फोटो हातावर काढाल का?" अशी पुष्कळ जोडपी मी काढली. घरचा हा फोटो मात्र कधी काढून बघितला नव्हता. लग्नाला 50 वर्षं व्हायची होती, तेव्हा ठरवलं की आईच्याच हाताच्या बाह्यरेषेत हा फोटो मेंदीच्या रेषांनी उतरवायचा, मोठा छापून भिंतीवर लावायचा. आणि जमलंच, तर त्या दिवशी तो तिच्या तळव्यावरही काढायचा. म्हणजे कागदावर अशी एकही रेषा ओढायची नाही जी मेंदीच्या कोनातून हातावर निघणार नाही. ही अट मीच घातली, आणि पुढचं सगळं त्या अटीमुळे अवघड झालं.

सुरुवात हातापासून. आईला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, कागदावर तिचा डावा हात पालथा ठेवला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. हे काम दिसतं तेवढं सरळ नाही. पेन्सिल आतल्या बाजूला कलली की बोटाच्या खाली शिरते आणि बोटं काडीसारखी येतात. बाहेर कलली की हात सुजल्यासारखा दिसतो. पेन्सिल कागदाला काटकोनात उभी धरूनच फिरवावी लागते, आणि बोटांच्या बेचक्यांत तर फारच हळू. आईच्या बोटांचे सांधे आता जाड झालेत. अनामिकेच्या मधल्या पेरावर बाह्यरेषा चक्क फुगते. ती म्हणाली, "हे जरा नीट कर गं." मी नाही केलं. छापील डिझाइनमधला हात कोणाचाच नसतो, हा तिचा होता.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पालथ्या डाव्या हाताभोवती पेन्सिल फिरवली की कागदावर अंगठा उजवीकडे येतो. आपल्याला तर तळवा दाखवायचाय, आणि डावा तळवा समोर धरला की त्याचा अंगठा डावीकडे असतो. म्हणजे बाह्यरेषा आरशातल्यासारखी उलटवावी लागते. घाईत माणसं हात तसाच ठेवतात आणि जागा जुळवायला फोटो उलटवतात. तसं केलं की नथ उजव्या नाकपुडीत जाते, पदर भलत्या खांद्यावर येतो, आणि बायको नवऱ्याच्या उजवीकडे उभी राहते. चेहऱ्याचंही तसंच. भांग, एका बाजूला किंचित वर असलेली भुवई, हे सगळं बाजू बदलतं आणि ओळखीचा माणूस थोडा परका वाटायला लागतो. उलटवायचा तो हात. फोटोला हात लावायचा नाही.

आता मापं. आईचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 17 सेंटिमीटर भरला, तळव्याची रुंदी साडेसात. ए-थ्री कागदावर तो बरोबर दुप्पट करून बसतो. या साडेसात सेंटिमीटरात दोन चेहरे, मधली जागा आणि दोन्ही कडांना मोकळं अंतर, असं सगळं मावायला हवं. चेहरे मोठे घ्यावेत तर मधली जागा जाते.

आधी मी चेहरे मोठे घेतले. मेंदीच्या वहीतल्या नवरा-नवरींची डोकी एकमेकांना टेकलेली असतात, माना कललेल्या असतात. सवयीनं माझाही हात तिकडेच वळला. बाबांची मान थोडी आईकडे झुकवली, आईची थोडी त्यांच्याकडे. चित्र गोड झालं. पण ते माझे आई-बाबा नव्हते. 1975 साली त्या स्टुडिओत त्यांची आपसात फार तर दोन-तीनदा बोलाचाल झालेली असणार. ते अंतर, ताठ माना, समोर खिळलेली नजर, हाच तर त्या फोटोतला मजकूर. तो पुसून दोन गोड बाहुल्या काढायला मला फोटोची गरजच नव्हती. मग चेहरे लहान केले. हातावरच्या मापात प्रत्येक चेहरा 2 सेंटिमीटर रुंद, 2.8 उंच, आणि मध्ये 1.4 सेंटिमीटरची जागा. फोटोत होतं तेवढं अंतर नाही ठेवता आलं, पण डोळ्याला ते अंतर म्हणून कळतं.

चेहरा लहान केल्याची किंमत रेषांमध्ये मोजावी लागते. बारीक तोंडाच्या कोनातून, हात स्थिर असला तर, 0.6 ते 0.7 मिलिमीटरची रेषा येते. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांइतकी असते. म्हणजे 2 सेंटिमीटरच्या चेहऱ्यात एक डोळा 4 मिलिमीटरचा, रुंदीत जेमतेम सहा रेषांचा. उंचीला दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे फार तर तीन रेषा. त्यात वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, पापणीची घडी, केस असं सगळं घालायला गेलं तर डोळ्याच्या जागी एक काळा ठिपका उरतो. शिवाय त्वचेवर रंग कागदासारखा जागच्या जागी बसत नाही, किंचित पसरतो. दोन रेषांमध्ये निदान एका रेषेइतकी जागा सोडली नाही तर त्या दुसऱ्या दिवशी एक झालेल्या असतात. म्हणून मी डोळ्याला दोनच गोष्टी ठेवल्या, वरच्या पापणीची एक रेषा आणि तिला चिकटलेला बुबुळाचा ठिपका. खालची पापणी बघणाऱ्यानं आपली आपण भरून घ्यायची, आणि तो ती घेतोच.

सगळ्यात आधी मी एक सोपी वाट चालून पाहिली होती, तेही सांगायला हवं. फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला, इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि `Path > Trace Bitmap` ही आपोआप रेषा काढणारी सोय चालवली. मोबाइलवर तर एका बोटात रेषाचित्र करून देणारी ढीगभर ॲप आहेत, नवऱ्या मला तेच पाठवतात, "ताई, एवढंच तर काढायचंय." त्यात काय चुकतं ते या फोटोत फार स्वच्छ दिसलं. यंत्र शोधतं ते उजेड कुठे अचानक बदलतो ते ठिकाण. वस्तू कुठे संपते, हे त्याला कळत नाही. बाबांचा गडद कोट आणि मागचा गडद पडदा जवळजवळ एकाच छटेचे, त्यामुळे बाबांना उजवा खांदाच आला नाही. पडद्याच्या घड्यांवर मात्र दिव्याचा लख्ख पट्टा होता, तर त्या घड्या खांबांसारख्या ठसठशीत उभ्या राहिल्या. आईच्या नाकाची सावली वरच्या ओठावर पडली होती. तिची कड ओठावर उतरली आणि आईला मिशी फुटली. भुवईची एक जाड रेघ असते, पण तिला वर एक कड आणि खाली एक कड, म्हणून यंत्रानं भुवईच्या दोन रेषा केल्या आणि मध्ये पोकळी ठेवली. जुन्या कागदाच्या पोतामुळे गालांवर शेकडो तुटके ठिपके आले ते वेगळेच.

मग नेहमीचं काम. टॅब्लेटवर फोटो फिका केला, अस्सल छटेच्या तिसऱ्या हिश्शाइतका, आणि त्यावर नवा थर घेऊन हातानं रेषा ओढायला बसले. ब्रशची जाडी आधीच बांधून टाकली: ए-थ्रीवर 1.3 मिलिमीटर, म्हणजे हातावर साधारण 0.65. पेन दाबला की रेषा जाड होते ती सोय बंद केली. ती चालू असली की आपण नकळत केसासारख्या बारीक रेषा काढायला लागतो, टॅब्लेटवर सुंदर दिसतात, आणि कोनातून त्या कधीच येत नाहीत. आणि टॅब्लेटवरचं चित्र मोठं करून काम करायचं नाही. मोठं केलं की जागा खूप वाटते आणि नसलेले तपशील सुचत जातात. मी शेजारी आईच्या हाताएवढंच माप कायम उघडं ठेवते आणि रेषा तिथे वाचली गेली तरच राहू देते.

चेहऱ्यात रेषा कुठे ओढायची नाही, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. मेंदीत राखाडी छटा नाही. फोटोतली मऊ सावली रेषेत उतरवली की ती सुरकुती होते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक हलकी घडी असते; फोटोत ती दिसत असते म्हणून मी पहिल्या मसुद्यात काढली, आणि बावीस वर्षांची आई एका रेषेत साठीची झाली. नाकाच्या दोन्ही बाजू काढल्या की नाक पाइपसारखं दिसतं. एका बाजूची नाकपुडी आणि खालचा छोटा वळसा पुरतो. ओठांची बाह्यरेषा सबंध ओढली की ते चिकटवल्यासारखे दिसतात. दोन ओठांमधली रेषा जपून काढायची, कारण स्वभाव तिच्यात असतो, आणि खालच्या ओठाखाली एक लहानशी आडवी खूण. बस. हनुवटीच्या कडेला जबड्याची रेषा लागते, पण तीही कानापर्यंत अखंड न्यायची नसते.

इथे मुंडावळ्यांनी फार साथ दिली. कपाळावरून आडवी एक माळ आणि दोन्ही कानशिलांवरून खाली लोंबणाऱ्या दोन सरी. मेंदीत मोती म्हणजे ठिपका, आणि ठिपक्यांची ओळ ही कोनाची सगळ्यात सहज चाल. कानशिलापासून गालापर्यंतची अवघड कड मी काढलीच नाही. तिथून मोत्यांची सर खाली आली आणि गाल तिच्या मागे आपोआप तयार झाला. नथही तशीच: सात ठिपके, त्यातला एक मोठा, आणि वरच्या बाजूला एक छोटा आकडा. बाजारच्या डिझाइन-वह्यांत नवरी असते ती घुंगट घेतलेली, कपाळावर मांगटिका, आणि नवऱ्याच्या डोक्यावर तुऱ्याचा साफा, कारण ही सगळी धाटणी राजस्थानाकडून आली. कित्येक मराठी नवऱ्याही तेच काढून घेतात. मला त्यात वावगं काही वाटत नाही, पण आपल्याकडच्या मुंडावळ्या, नथ आणि चंद्रकोर या तिन्ही गोष्टी ठिपक्या-वळशांतूनच बनलेल्या आहेत, मेंदीसाठीच घडवल्यासारख्या, आणि त्या टाकून मांगटिका काढणं मला जिवावर येतं.

चेहरे झाले तेव्हा आत्याला ते पाठवले. काही लिहिलं नाही, फक्त दोन चेहरे, हाताशिवाय, भरणीशिवाय. ही परीक्षा मी नेहमी घेते. ज्याला आधीच माहीत आहे त्याला विचारण्यात अर्थ नसतो, त्याला सगळंच ओळखू येतं. आत्याचा लगेच फोन आला. "अगं, हा तर दादा! चष्म्यासकट!" मग थोडं थांबून म्हणाली, "शेजारी कोण आहे? वहिनी वाटत नाही मला."

दोन दिवस मी आईच्या चेहऱ्याशी झटत होते. डोळे बदलले, ओठ बदलले. शेवटी फोटो आणि चित्र दोन्ही उलटे केले, डोकं खाली. उलटा चेहरा ओळखीचा राहत नाही, त्यामुळे मेंदू नावं घेत नाही आणि नुसती मापं दिसतात. तेव्हा कळलं की चूक डोळ्यांत नव्हतीच. आईचं कपाळ रुंद आहे, आणि भुवया डोळ्यांच्या अगदी वर टेकलेल्या. मी मुंडावळीची आडवी माळ सुंदर दिसावी म्हणून खाली आणली होती आणि तिला जागा द्यायला भुवया वर सरकवल्या होत्या. कपाळ निम्मं झालं, नजर आश्चर्याची झाली. ए-थ्रीवर माळ 3 मिलिमीटर वर घेतली, भुवया 2 मिलिमीटर खाली. डोळ्यांना, नाकाला, ओठांना हात लावला नाही. परत पाठवलं. या वेळी आत्यानं काही लिहिलं नाही, लग्नातली एक जुनी गोष्ट सांगायला फोन केला, तेवढ्यावरून समजले.

आता भरणी. मेंदीत फुलं-पानं-जाळी ही उरलेली जागा भरायला असतात, असं समजलं जातं. फोटोवरून चित्र करताना त्यांना दुसरं काम असतं. आपल्याकडे छटा नाही, पण दाट जाळी लांबून गडद दिसते आणि मोठ्या पाकळ्यांचं फूल उजळ. फोटोतला उजेड-अंधार भरणीच्या दाटपणात वाटून द्यावा लागतो. चेहरे पूर्ण मोकळे, नुसती त्वचा, म्हणून त्यांच्या मागे बारीक जाळी हवी, म्हणजे ते पुढे येतात. चेहऱ्याच्या कडेला जाळी टेकवायची नाही. मध्ये एका रेषेहून थोडी जास्त मोकळी वाट सोडायची, नाहीतर जबडा जाळीत विरतो.

पण बाबांचा कोट? तो गडद, म्हणून त्यातही दाट जाळी आली, प्रत्येक चौकटीत एक ठिपका. आणि पहिल्या प्रयत्नात मागची जाळी आणि कोटाची जाळी एकमेकींत मिसळून बाबांचा खांदा पुन्हा गायब झाला, यंत्रानं हरवला होता तसाच. मग पडदा सोडून दिला आणि फोटोत नसलेली गोष्ट केली. डोक्यांच्या मागे जाळी ठेवली, पण खांद्यापासून खाली कोटाच्या शेजारी मोठ्या पाकळ्यांची कमळं काढली, आत काही न भरता. उजळ फुलाला टेकून गडद खांदा उभा राहिला. आईच्या बाजूला उलट. तिचा शालू मी मोकळा ठेवला, अंतराअंतरावर बुट्ट्या आणि काठाला दोन रेषांमध्ये कोयऱ्या. म्हणून तिच्या शेजारी करंगळीच्या बाजूला पानांची दाट वेल. मोकळ्याच्या शेजारी दाट, दाटाच्या शेजारी मोकळं. हे बसलं की डोळे किलकिले करून बघायचं, किंवा चित्र टपाल तिकिटाएवढं लहान करायचं. दोन माणसं तरीही वेगळी दिसली तर भरणी बरोबर आहे.

केसांची मात्र सबंध भरणी करायची नाही. कागदावर काळं भरून टाकता येतं. हातावर मोठा सपाट थर वाळताना तडकतो, मध्येच निघून येतो आणि रंग डागाडागानं चढतो. म्हणून केस म्हणजे डोक्याच्या गोलाईनं जाणाऱ्या जवळजवळ रेषा, आणि जिथे दिव्याचा उजेड पडलाय तिथे त्या तोडायच्या.

दोघांच्या मधल्या त्या 1.4 सेंटिमीटर जागेत काय घालावं यावर मी बराच वेळ घालवला. जाळी घातली तर भिंत होते. काहीच नाही ठेवलं तर तळव्याच्या मधोमध भोक पडल्यासारखं वाटतं. शेवटी मोगऱ्याच्या कळ्यांची एक बारीक वेल, खालून, आईच्या पदरापाशी सुरू झालेली आणि वर मधल्या बोटाच्या बेचक्यापर्यंत गेलेली. कळ्या मोजक्या. गजरा फोटोत दिसत नाही, आईनं सांगितला होता.

बाह्यरेषेपाशी आणखी एक मोह असतो. भरणी मोठ्या तुकड्यात एकदाच काढायची, हाताच्या आकारात `Object > Clip > Set Clip` करून कापायची, पाच मिनिटांत काम झालं. ते कापलेलं लगेच कळतं. अर्धं कमळ कडेला चिरलेलं, जाळीची चौकट मध्येच तुटलेली. हाताच्या आकाराचा छापील कापडाचा तुकडा वाटतो. हातावर काढणारी बाई अर्धं फूल कधी काढत नाही. कड जवळ आली की ती वेल वळवते, फूल लहान करते, उरलेल्या कोपऱ्यात एक पान किंवा तीन ठिपके ठेवते. मीही तसंच केलं, आणि आईच्या अनामिकेचा तो फुगीर सांधा आला तिथे पट्टीतली पानं थोडी रुंद झाली.

बोटांसाठी आईला विचारलं, तुझ्या लग्नात मेंदी कशी होती? ती हसली. कोन तेव्हा कुठला! परसातल्या झाडाचा पाला, पाट्यावर वाटलेला, त्यात काथ आणि लिंबू. तळव्याच्या मध्ये एक मोठा गोल, भोवतीनं काडीनं टेकवलेले ठिपके, आणि बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत माखलेली. रात्रभर हाताला फडकं बांधून झोपायचं. फोटोत तिचे हात पदराखाली आहेत, ती मेंदी कुठेच दिसत नाही. म्हणून चित्रात पाचही बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत सबंध भरली. एवढाच काय तो सपाट गडद भाग. टोकांवर थर छोटा असतो, तो तडकत नाही, आणि तळहाताची व बोटांची त्वचा जाड असल्यामुळे तिथे रंग सगळ्यात गडद चढतो.

छापलेलं चित्र आधी तपासून घेतलं. हाताच्या मूळ मापात छापलं, वर ॲक्रिलिकचं शीट ठेवलं आणि कोनानं सबंध गिरवलं. बाबांच्या चष्म्यात अडचण आली. जाड फ्रेम म्हणून दुहेरी रेषा होती, आणि आतल्या डोळ्याला जागाच उरत नव्हती. दोनदा गिरवलं, दोन्ही वेळा एक काच बुजली. फ्रेमची रेषा एकेरी केली, पण जाड. डोळा थोडा लहान केला. चष्म्यामागे डोळा तसाही लहान दिसतो, बाबांना तर जवळचं दिसत असून लांबचं दिसत नाही, त्या भिंगात तो खरोखरच लहान होतो.

हातावर काढायचं तेव्हा आणखी एक गोष्ट बघावी लागली, ती कागदावर नसते. तळव्याच्या रेघा. हात मिटला की त्वचा तिथे दुमडते, ओली मेंदी फाटते, आणि त्या रेघेवर डोळा किंवा ओठ असेल तर चेहरा कायमचा बिघडतो. आईच्या तळव्यावर वरची रेघ करंगळीच्या बाजूनं निघून तर्जनीकडे चढते, आणि तिच्या खालची अंगठ्याच्या बाजूनं निघून उतरत जाते. चेहरे मी थोडे वरखाली सरकवले. आईच्या बाजूला वरची रेघ बरोबर मुंडावळीच्या आडव्या माळेवर घेतली. तिथे ठिपकेच आहेत, एखादा फाटला तरी माळ राहते. खालची रेघ तिच्या हनुवटीच्या खालून गेली. बाबांच्या बाजूला वरची रेघ केसांत गेली, आणि खालची मिशीवर आली. मिशी जाड, तिला काही होत नाही.

सोजतची मेंदी पावडर, लिंबाचं पाणी, साखर आणि निलगिरीचं तेल घालून आदल्या रात्री भिजवली, सकाळी कोन भरले. आईचा हात उशीवर ठेवून तीन तास लागले, मध्ये दोनदा तिला पाणी पाजलं. आधी चेहरे, हात ताजा आणि माझी मान न दुखलेली असताना. मग कोट, शालू, आणि भरणी शेवटी. बाबा मधूनमधून येऊन उभे राहत. एकदा म्हणाले, "माझा कोट नेव्ही ब्लू होता." इतकी वर्षं मी तो काळाच समजत होते.

सहा तास ठेवली, पाणी न लावता बोथट सुरीनं खरवडून काढली. आधी नारिंगी, फिकट, बाबांचा चेहरा तर जेमतेम. आईला मी सांगितलं होतं, दोन दिवस थांब. तिसऱ्या दिवशी सकाळी रंग गडद तपकिरी झाला होता. बाबांची डावी काच थोडी बुजलेलीच होती. मुंडावळीतला एक मोती रेघेत पडून लांबट झाला होता.

आई भांडी घासते, कणीक मळते, ऐकत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मागची जाळी विरायला लागली, मग आईचे डोळे, मग मोगऱ्याची वेल. परवा, अकराव्या दिवशी, मी तिचा हात हातात घेऊन बघितला. बोटांची टोकं अजून लाल होती. आणि तळव्याच्या मधोमध, चेहरा नसलेला, एक जाड फ्रेमचा चष्मा.